पीएचडीचं वार्षिक प्रगती सादरीकरण: आधी उरलेली वर्षं मांडा, मग झालेलं काम

प्रगती सादरीकरणाची नोटीस लागली की बहुतेक विद्यार्थी एकच करतात. गेल्या वर्षीची पीपीटी उघडतात, पहिल्या स्लाइडवरची तारीख बदलतात, मध्ये आठ-दहा नवे आलेख घुसवतात आणि शेवटच्या गँट चार्टमधल्या पट्ट्या एकेक वर्ष उजवीकडे सरकवतात. प्रत्यक्ष सादरीकरणात पहिली बारा मिनिटं विषयाची ओळख आणि साहित्याचा आढावा यांतच जातात. अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागतात, आणि उरलेल्या वर्षांची स्लाइड "वेळ कमी आहे म्हणून पटकन दाखवतो" असं म्हणत पंधरा सेकंदांत सरकते. समितीला नेमकी तीच बघायची असते.

तुम्ही खूप राबलात की नाही, हे समितीच्या दृष्टीने दुय्यम असतं. मंजूर झालेल्या उद्दिष्टांपैकी जे उरलंय ते उरलेल्या मुदतीत बसतं का, आणि बसत नसेल तर आज काय बदलायचं, हे तिला ठरवायचं असतं. म्हणून सादरीकरण शेवटाकडून बांधायला घ्यावं. खाली सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय. पर्यावरणशास्त्राची एक विद्यार्थिनी. विषय: दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या एका पाणलोटातल्या विहिरींमधलं नायट्रेट. नोंदणी आणि जेआरएफ, दोन्ही 1 जानेवारी 2023 पासून. सादरीकरण जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे बरोबर दोन वर्षांनी. समित्यांवर बसून अशी जी कामं पाहिली, त्यांवरून हे उदाहरण बेतलंय. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बसवले आहेत.

## पायरी 1: लॅपटॉप उघडण्याआधी चार कागद काढा

हे काम सादरीकरणाच्या तीन आठवडे आधी करायचं.

पहिला कागद म्हणजे मंजूर झालेला सिनॉप्सिस. तुमच्या संगणकातला मसुदा चालणार नाही. समितीच्या सह्या असलेली प्रत हवी. सह्यांच्या आधी उद्दिष्टांच्या शब्दांत फेरफार झालेले असतात आणि दोन वर्षांनी ते कुणाच्याच लक्षात नसतात. दुसरा कागद मागच्या बैठकीच्या इतिवृत्ताचा. तो विभागाच्या कार्यालयात फाइलला असतो आणि तो मागायला गेलात तर क्लार्क वैतागतो, पण तरी मागा. तिसरा, आजवर दिलेले सगळे सहामाही अहवाल. चौथा, नोंदणीचं पत्र आणि फेलोशिपचं रुजू पत्र. दोन्हींवरच्या तारखा वेगळ्या असू शकतात.

चौथ्या कागदावरच सगळं गणित उभं असतं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मुदत वाढू शकते. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत आहे. फेलोशिपचं घड्याळ मात्र वेगळं चालतं: जेआरएफची दोन आणि एसआरएफची तीन, मिळून पाच वर्षं. आमच्या उदाहरणातल्या मुलीची नोंदणी डिसेंबर 2028 पर्यंत जिवंत आहे, पण पैसे डिसेंबर 2027 ला थांबतात. बहुतेकांच्या योजनेत पहिलीच तारीख धरलेली असते. दुसरी आठवते ती बँकेत पैसे जमा व्हायचे थांबल्यावर.

तपासा: तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा अध्यादेश यूजीसीपेक्षा कडक असू शकतो. काही ठिकाणी सादरीकरण वर्षातून एकदा होतं. 2022 चे नियम मात्र विद्यार्थ्याने दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहावं असं सांगतात. तुम्हाला कोणता लागू आहे हे कार्यालयातून लेखी घ्या. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. त्याची नोंदणी 2016 च्या नियमांखालची असू शकते.

## पायरी 2: उरलेल्या वर्षांची योजना उलटी मोजा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे पीपीटी लागत नाही. कागद, पेन आणि कालनिर्णय पुरेसं आहे.

या मुलीने आधी केलेली योजना अशी होती: "2025: नमुने गोळा करणे. 2026: समस्थानिक विश्लेषण. 2027: प्रबंध लेखन." तीन वर्षं, तीन पट्ट्या, तीन रंग. बघायला नेटकी, पण त्यात तिला एक वर्ष महागात पडेल अशी चूक दडली होती. ती सापडली ती उलटं मोजायला बसल्यावर.

तिची मंजूर उद्दिष्टं चार आहेत. एक, 40 विहिरींमधलं नायट्रेट पावसाळ्याआधी आणि नंतर, अशा सहा फेऱ्यांत मोजणं. दोन, ते नायट्रेट रासायनिक खतातून येतं की शेणखत-सांडपाण्यातून, हे नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून ठरवणं. तीन, हंगामी चढउताराचा पाऊस आणि भूजलपातळीशी संबंध लावणं. चार, गावनिहाय धोक्याचा नकाशा.

आता शेवटाकडून चला. फेलोशिप संपण्याआधी, म्हणजे डिसेंबर 2027 मध्ये, प्रबंध जमा व्हायला हवा. त्याआधी प्री-सबमिशन सादरीकरण, त्यातल्या सूचनांप्रमाणे दुरुस्त्या, वाङ्मयचौर्य तपासणी आणि सह्यांसाठी विभाग-ग्रंथालय-विद्यापीठ अशा फेऱ्या. याला तीन महिने धरा. कमी धरलेत तर फसाल. म्हणजे प्री-सबमिशन सप्टेंबर 2027 मध्ये. त्याआधी पूर्ण मसुदा गाईडच्या टेबलावर मे महिन्यात हवा, कारण गाईड दोनदा वाचणार आणि मध्ये त्यांच्या परीक्षा, पेपर तपासणी, प्रवेशप्रक्रिया असणार. मसुदा लिहायला पाच महिने, म्हणून लेखन जानेवारी 2027 ला सुरू. त्याआधी पाच महिने आकडेवारीचं विश्लेषण, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर 2026. याचा अर्थ, मोजमापाचा शेवटचा आकडा जुलै 2026 अखेर हातात पाहिजे.

सहावी फेरी मे 2026 ची. तिची तपासणी दोन महिन्यांत होते, म्हणजे जुलै. पहिलं उद्दिष्ट जेमतेम बसलं.

आता दुसरं. समस्थानिकांची तपासणी विद्यापीठात होत नाही, बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुने पाठवावे लागतात आणि तिथे सहा महिन्यांची रांग आहे. जुलै 2026 ला निकाल हवा असेल तर नमुने जानेवारी 2026 पर्यंत पोचले पाहिजेत. दोन्ही हंगामांचे नमुने हवेत. त्यामुळे एक संच नोव्हेंबर 2025 चा आणि दुसरा त्याआधीच्या मे महिन्याचा, म्हणजे मे 2025 चा.

योजनेत "2026" असं लिहिलेल्या कामाची पहिली बाटली सादरीकरणानंतर चार महिन्यांतच विहिरीत सोडायची आहे. मे 2025 हुकला तर पुढचा मे थेट 2026 चा. मग निकाल जुलैऐवजी डिसेंबर 2026 ला, विश्लेषण मे 2027 पर्यंत, मसुदा ऑक्टोबरला, प्री-सबमिशन फेब्रुवारी 2028 ला. म्हणजे एक मे महिना हुकला की प्रबंध फेलोशिपच्या पलीकडे जातो. रंगीत पट्ट्यांमध्ये हे कुठेच दिसत नाही.

| कधीपर्यंत | काय हातात हवं |
|---|---|
| डिसेंबर 2027 | प्रबंध जमा |
| सप्टेंबर 2027 | प्री-सबमिशन सादरीकरण |
| मे 2027 | पूर्ण मसुदा गाईडकडे |
| डिसेंबर 2026 | विश्लेषण पूर्ण |
| जुलै 2026 | सहाव्या फेरीचे आणि समस्थानिकांचे निकाल |
| जानेवारी 2026 | समस्थानिकांचे नमुने प्रयोगशाळेत पोचलेले |
| नोव्हेंबर 2025 | पाचवी फेरी, सोबत समस्थानिकांचा दुसरा संच |
| मे 2025 | चौथी फेरी, सोबत समस्थानिकांचा पहिला संच |

हा तक्ता तसाच स्लाइडवर टाका, फक्त क्रम सुलटा करा. गँट चार्ट हवाच असेल तर याच तारखांवरून काढा. पट्टीपेक्षा "हातात काय हवं" हा रकाना महत्त्वाचा. "विश्लेषण चालू" असं लिहिलं तर ते झालं की नाही हे पुढच्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही. "निकाल हातात" असं लिहिलं की हो किंवा नाही, एवढंच उत्तर उरतं.

सावधान: तुमचं काम ऋतूशी, पिकाशी, शाळेच्या वर्षाशी किंवा निवडणुकीशी बांधलेलं असेल तर "वर्ष" हे माप सोडून द्या. नमुने घ्यायच्या किती संधी उरल्या, हे मोजा. या मुलीकडे फेलोशिपची तीन वर्षं आहेत, पण समस्थानिकांसाठी योजनेत बसणारा मे महिना एकच.

## पायरी 3: उद्दिष्टांची स्लाइड शब्दशः ठेवा

योजना ठरली की पीपीटी उघडा आणि पहिली ही स्लाइड करा. चारही उद्दिष्टं सिनॉप्सिसमध्ये आहेत तशीच, शब्दाला शब्द. वाक्य लांब असलं, व्याकरण खटकलं, तरी हात लावू नका. सदस्यांपैकी कुणीतरी मंजूर प्रत घेऊन बसलेला असतो आणि शब्द बदललेला दिसला की पहिली दहा मिनिटं "हे कधी बदललं?" यातच जातात. एका बैठकीत "ओळखणे" या शब्दाऐवजी "अभ्यासणे" एवढाच बदल होता. विद्यार्थ्याच्या मनात काही नव्हतं, त्याला ते भारदस्त वाटलं होतं. पण एका सदस्याला वाटलं की त्याने काम हलकं करून घेतलं, आणि उरलेला वेळ त्याचा खुलासा करण्यात गेला.

उद्दिष्टात खरंच बदल हवा असेल तर जुनं वाक्य ठेवा, खाली वेगळ्या रंगात प्रस्तावित वाक्य लिहा आणि शेजारी "समितीच्या मंजुरीसाठी" असा शब्दप्रयोग करा. मंजुरी मागायची ती उघडपणे.

प्रत्येक उद्दिष्टासमोर सद्यःस्थिती एका ओळीत. इथे टक्के लिहायचा मोह आवरा. या मुलीने पहिल्या उद्दिष्टासमोर "70 टक्के पूर्ण" लिहिलं होतं. विचारलं, "कशाचे 70 टक्के?" तर म्हणाली, "सर, तीन फेऱ्या झाल्या ना, आणि पद्धतही बसली." पण सिनॉप्सिसप्रमाणे 40 विहिरी आणि सहा फेऱ्या म्हणजे 240 नमुने. हातात आहेत ते असे: नोव्हेंबर 2023 चे 40, मे 2024 चे 31, नोव्हेंबर 2024 चे 40. एकूण 111. त्यांपैकी तपासून झाले 97, कारण शेवटच्या फेरीचे 14 अजून फ्रिजमध्ये आहेत. म्हणजे 240 पैकी 97. ही ओळ तशीच लिहा: "240 पैकी 111 नमुने गोळा, 97 तपासले." आकडा कमी दिसतो, पण त्यावर प्रश्न येत नाही. 70 टक्क्यांवर हमखास येतो.

## पायरी 4: मागच्या बैठकीतल्या सूचना आणि त्यांचं काय झालं

ही स्लाइड निम्म्या सादरीकरणांत नसतेच, आणि समितीचा रोष सगळ्यात जास्त इथेच ओढवतो. इतिवृत्तातली प्रत्येक सूचना डावीकडे, आणि त्याप्रमाणे काय केलं ते उजवीकडे. केलं असेल तर पुरावा कोणत्या स्लाइडवर आहे तेही. नसेल केलं तर कारण एका वाक्यात.

न पाळलेली सूचना लपवू नका. समजा, मागच्या वेळी सदस्यांनी सुचवलं होतं की जवळच्या बोअरवेलचेही नमुने घ्यावेत. तिने घेतले नाहीत, आणि कारण चांगलं आहे: विहिरीला पाणी येतं वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरातून, तर बोअरवेलला खोलवरच्या भेगांतून. दोन्हींचे आकडे एकत्र केले तर तुलना बिघडते. हे तिने एका ओळीत लिहिलं तर सदस्य मान डोलावतात. पण मौन पाळलं तर तिने सूचना विसरून टाकली असाच समज होतो.

याला नियमांचाही आधार आहे. प्रगती समाधानकारक नसेल तर समितीने कारणं नोंदवून सुधारणा सुचवाव्यात आणि विद्यार्थ्याने त्या अमलात आणल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते, असं 2022 च्या नियमांत आहे. या स्लाइडवर तुम्ही त्याच सूचनांचा हिशेब देत असता.

तपासा: इतिवृत्त मिळालंच नाही तर त्या बैठकीत तुम्ही स्वतः लिहिलेल्या नोंदी वापरा आणि वर "विद्यार्थ्याच्या नोंदीनुसार" असं लिहा. आणि यंदा पायरी 8 चुकवू नका.

## पायरी 5: झालेलं काम, पण मोजकं

इथपर्यंत आलात तर आता आलेखांकडे वळा. पाच स्लाइड पुरतात. वीस मिनिटांपैकी दहा त्यांना द्या.

निवडीचा निकष साधा आहे. स्लाइडचं शीर्षक निष्कर्षाचं पूर्ण वाक्य होत असेल तर ती स्लाइड ठेवा. होत नसेल तर परिशिष्टात टाका. "नायट्रेटचं प्रमाण" हे शीर्षक नव्हे, ती फाइलवरची चिठ्ठी झाली. "जोडी जुळलेल्या 31 पैकी 22 विहिरींत नोव्हेंबरपेक्षा मे महिन्यात नायट्रेट कमी" हे शीर्षक झालं. त्याखाली एकच आकृती: प्रत्येक विहिरीसाठी दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली 45 मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आडव्या रेषेने दाखवली की किती विहिरी रेषेच्या वर आहेत हे सदस्य स्वतःच मोजतात.

सरासरीचे स्तंभालेख टाळा. 40 विहिरींची एक सरासरी काढली की गोठ्याशेजारची विहीर आणि माळावरची विहीर यांतला फरक पुसला जातो, आणि दुसरं उद्दिष्ट तर त्याच फरकावर उभं आहे.

एक स्लाइड आकडे विश्वासार्ह का आहेत यासाठी ठेवा. विद्यार्थी ती वगळतात, पण रसायनशास्त्राचा सदस्य पहिला प्रश्न तिथेच विचारतो. इथे तीन ओळी पुरतात: किती नमुने दोनदा तपासले आणि दोन मोजमापांत किती फरक आला, निव्वळ शुद्ध पाणी तपासलं तेव्हा काय निघालं, आणि धन-ऋण आयनांचा ताळेबंद किती नमुन्यांत पाच टक्क्यांच्या आत बसला. ताळेबंदाबाहेर गेलेले नमुने किती आणि त्यांचं काय केलं, हे स्वतःहून सांगा. "97 पैकी 6 बाहेर, त्यांपैकी 4 पुन्हा तपासले, 2 वगळले." एवढं सांगितलं की त्यावर उलटतपासणी होत नाही.

आणि साहित्याचा आढावा? एकही स्लाइड नको. तो सिनॉप्सिसच्या वेळी झाला. या वर्षी एखाद्या नव्या शोधनिबंधामुळे तुमची पद्धत बदलली असेल तर तेवढीच एक ओळ, ज्या ठिकाणी पद्धत येते तिथे.

सावधान: कोर्सवर्कचे गुण, परिषदांची प्रमाणपत्रं, कार्यशाळेतले फोटो, हे सगळं मिळून एक स्लाइड, तीही शेवटून दुसरी. पीएचडीसाठी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही अट 2022 च्या यूजीसी नियमांत उरलेली नाही, पण तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती आणि तुमची स्थिती इथेच लिहा. "पाठवला", "परीक्षणात", "स्वीकारला" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. "पाठवण्याच्या तयारीत" ही चौथी गोष्ट मात्र लिहू नये.

## पायरी 6: अडचणीच्या स्लाइडवर निर्णय मागा

अडचणींच्या स्लाइडवर विद्यार्थी हमखास तक्रारी लिहितात: यंत्र बंद होतं, निधी उशिरा आला, पाऊस लांबला. सदस्य ऐकतात, सहानुभूतीने मान हलवतात आणि काही होत नाही, कारण त्यांच्याकडे काही मागितलेलंच नसतं.

अडचण अशी मांडा की समितीला हो-नाही म्हणावं लागेल. मे 2024 मध्ये 9 विहिरी कोरड्या पडल्या. काळ्या पाषाणात हे दर उन्हाळ्यात होणारच, सिनॉप्सिस लिहिताना ते लक्षात यायला हवं होतं; पण ते असो. आता तिच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, कोरड्या विहिरींऐवजी शेजारच्या दुसऱ्या विहिरी घ्यायच्या. दोन, पावसाळ्याआधीची फेरी मेऐवजी मार्चमध्ये घ्यायची, तेव्हा विहिरींना पाणी असतं. तीन, हंगामी तुलना फक्त 31 विहिरींवर करायची आणि नऊ विहिरी नकाशासाठी, केवळ पावसाळ्यानंतरच्या आकड्यांनिशी ठेवायच्या.

स्लाइडवर तिन्ही वाटा, प्रत्येकीचा तोटा आणि स्वतःची पसंती. पहिल्या वाटेत मागच्या फेऱ्यांशी सांगड तुटते. दुसरीत मे 2024 चे आकडे एकटे पडतात आणि मार्चला रब्बीचं पाणी अजून चालू असतं, म्हणजे खताचा परिणाम मिसळतो. तिसरीत जोड्या कमी होतात, पण जे आहे ते स्वच्छ राहतं. तिची पसंती तिसरी, आणि खाली एक ओळ: "ही पद्धत मान्य करावी, ही विनंती." हा ठराव इतिवृत्तात आला की तीन वर्षांनी व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकाने "40 विहिरी म्हटलं होतं ना?" असं विचारलं तर उत्तर कागदावर तयार असतं.

## पायरी 7: क्रम लावा आणि वेळ मोजा

बांधताना शेवटाकडून आलो, दाखवताना क्रम असा:

1. विषय, नोंदणी आणि फेलोशिपच्या तारखा, दोन्हींच्या मुदती
2. उद्दिष्टं आणि सद्यःस्थिती
3. मागच्या सूचना आणि त्यांवरची कृती
4. ते 8. झालेलं काम
9. समितीकडून हवा असलेला निर्णय
10. उरलेल्या वर्षांचा तक्ता
11. कोर्सवर्क, परिषदा, शोधनिबंध
12. पुढच्या सहा महिन्यांत काय हातात येईल, तारखांसह

बारा स्लाइड, वीस मिनिटं. "धन्यवाद"ची स्लाइड नको. प्रश्नोत्तरं सुरू असताना बारावी स्लाइड पडद्यावर राहू द्या, म्हणजे चर्चा आपोआप पुढच्या कामाकडे वळते.

गाईडना दहा दिवस आधी दाखवा. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवू नका. गाईडना समितीसमोर पहिल्यांदा एखादी स्लाइड दिसली आणि ती त्यांना पटली नाही, तर त्या खोलीत तुमच्या बाजूने बोलणारं कुणी उरत नाही. विशेषतः नववी आणि दहावी स्लाइड त्यांच्याशी बोलूनच पक्की करा. डिसेंबर 2027 ही तारीख त्यांनाही मान्य हवी.

मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांतल्यांसाठी एक जुनी पण अजून न मेलेली भीती: श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या स्लाइड समितीच्या खोलीतल्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि पीपीटीबरोबर पीडीएफही न्या. त्या खोलीतला संगणक आदल्या दिवशी एकदा बघून या.

तपासा: मोबाइलवर घड्याळ लावून मोठ्याने दोनदा म्हणा. आठव्या स्लाइडला पोचेपर्यंत तेरा मिनिटांपेक्षा जास्त झाली तर चौथी ते आठवी यांतली एक काढा. नववी आणि दहावी मात्र काढू नका.

## पायरी 8: खोलीत आणि खोलीबाहेर

एक मैत्रीण मागच्या बाकावर बसवा आणि तिला सदस्यांचे प्रश्न जसेच्या तसे लिहायला सांगा. उत्तर देताना तुम्हाला प्रश्न पूर्ण आठवत नाहीत. भीतीने निम्मे ऐकूच येत नाहीत.

उत्तर येत नसेल तर "तपासून सांगते" म्हणा आणि ते लिहून घ्या. एखादी सूचना मुदतीत बसत नसेल, उदाहरणार्थ "आणखी दहा गावं घ्या", तर नाही म्हणायची गरज नाही. दहाव्या स्लाइडवर परत जा आणि विचारा, "सर, हे घेतलं तर जुलै 2026 ची तारीख पुढे जाते. यातलं काय कमी करू?" तक्ता समोर असला की सूचना देणाराच बहुतेक वेळा ती मागे घेतो. पट्ट्या असत्या तर त्याने आणखी एक पट्टी काढायला सांगितली असती.

बैठकीनंतर दोन दिवसांत गाईडना आणि समितीच्या सचिवांना ईमेल करा: मिळालेल्या सूचना, झालेले निर्णय, त्यावर तुम्ही काय करणार आणि कधी. शेवटी "यात काही राहिलं असल्यास कळवावं" अशी एक ओळ. इतिवृत्त पुढे येईल किंवा येणार नाही, तुमची नोंद तारखेसह राहते. पुढच्या बैठकीची तिसरी स्लाइड याच ईमेलवरून होते.

जेआरएफचं एसआरएफ व्हायचं असेल तर याच सुमारास दोन वर्षांच्या कामाचं मूल्यमापन होतं आणि त्याचे कागद वेगळे असतात. या सादरीकरणाच्या सह्या तिकडे आपोआप जात नाहीत. त्यांचा फॉर्म त्याच दिवशी सोबत ठेवा, सदस्य पुन्हा एकत्र सापडत नाहीत.

आणि आमच्या मुलीने त्या आठवड्यातच करायचं काम म्हणजे बाटल्या आणि गाळणकागदांचं मागणीपत्र. समस्थानिकांचे नमुने विहिरीवरच गाळून, बर्फात ठेवून आणावे लागतात आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गोठवून ठेवावे लागतात. तीन कोटेशन, खरेदी समिती, मार्चअखेरची धावपळ, असं सगळं धरलं तर जानेवारीत दिलेली मागणी एप्रिलच्या शेवटी हातात पडते. त्यानंतर मे लागतो.